ठाणे–संभाजीनगर–शिर्डी–नाशिक : चार माणसं, पाच दिवस, ३०,००० ची मर्यादा

माझा मावसभाऊ कळव्याला राहतो, मी त्याला दादा म्हणतो. दिवाळीनंतरच्या सुट्टीत त्यांनी ट्रिप ठरवली: दादा, वहिनी, नऊ वर्षांची पुतणी आणि मावशी, वय ६६. अजिंठा, वेरूळ, शिर्डी आणि परत येताना नाशिक. दादाने सुरुवातीलाच सांगितलं, "सगळं मिळून तीस हजार, वर एक रुपया नाही, आणि हिशोब तू बघ." मग शीट मी बनवली आणि पाच दिवस रोज रात्री त्याच्याशी फोनवर आकडे जुळवले. त्यातलं जसं घडलं तसं इथे लिहितोय, कारण घरच्या ट्रिपचा हिशोब नेमका कुठे फसतो ते यात चांगलं दिसतं.

पहिली अडचण पैशाची नव्हतीच, वारांची होती. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दादाचा पहिला प्लॅन शनिवारी निघायचं, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा असा होता, म्हणजे १०० किलोमीटर गाडी करून जायचं आणि बंद गेट बघून परत यायचं. दोन दिवस उलटसुलट केले तर जमत होतं, रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ, पण रविवारची गर्दी मावशीला झेपली नसती आणि जे हॉटेल बघितलं होतं त्याचा शनिवार-रविवारचा रेट २,९०० होता तर मधल्या वारी २,२००. म्हणून मंगळवारी निघायचं ठरलं. मंगळवार प्रवास, बुधवार अजिंठा, गुरुवार वेरूळ, शुक्रवार शिर्डी, शनिवार नाशिक करून रात्री घरी. शिर्डीला गुरुवारी आणि शनिवार-रविवारी जास्त गर्दी असते, तर शुक्रवार त्याच्या बरोबर मध्ये बसला हे एक आपोआप जमून आलं.

जायचं कसं यावर दादाशी बराच वेळ बोलणं झालं. त्याला देवगिरी एक्सप्रेस हवी होती, रात्री बसायचं आणि झोपेत पोचायचं, एका रात्रीचं हॉटेल वाचतं असं त्याचं म्हणणं. पण ती गाडी संभाजीनगरला पहाटे चारच्या सुमाराला पोचते आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी बाराला. म्हणजे एकतर मावशी आणि पोरगी आठ तास वेटिंग रूममध्ये बसणार, नाहीतर पहाटेच रूम घ्यायची आणि जी रात्र वाचवली म्हणतो तिचेच पैसे भरायचे. गाडीचं टाइमटेबल आणि हॉटेलचं चेक-इन शेजारीशेजारी लिहिल्याशिवाय हे लक्षातच येत नाही. त्यापेक्षा तपोवन एक्सप्रेस बरी, ठाण्याहून पावणेसातच्या सुमाराला सुटते आणि दुपारी दीडच्या आसपास पोचवते, खोली तयार असते आणि संध्याकाळ मोकळी मिळते.

प्रवासाची वेळ मी नेहमी घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत लिहितो. तपोवनचे पावणेसात तास हा फक्त गाडीचा वेळ, घरातून पावणेसहाला निघून हॉटेलात अडीचला सामान ठेवेपर्यंत पावणेनऊ तास जातात. म्हणजे दुपारचं जेवण वाटेत येतं आणि ते घरून न्यायचं की विकत घ्यायचं हेही आधीच ठरवावं लागतं. अजिंठ्याचं तसंच, जाणं अडीच तास आणि येणं अडीच तास, पण खाजगी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते आणि तिथून चार किलोमीटर दुसऱ्या बसने जावं लागतं. सात वाजता निघालेला माणूस पहिल्या लेण्यात दहाच्या आधी उभा राहत नाही.

आता पैसे. पहिल्यांदा सगळं मनासारखं लिहून काढलं, काही कापलं नाही. जाताना चेअर कार, चौघांचे २,१६०. इथे दोन गोष्टी लोक विसरतात: रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि पाच वर्षांवरच्या मुलाला स्वतःची सीट हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं, म्हणजे चौघं मिळून चार पूर्ण तिकिटं. एसटीत बरोबर उलटं, महिलांना अर्धं तिकीट, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं, त्यामुळे ह्या कुटुंबाला एसटी अडीच तिकिटात पडते. कॅबवाला माणसं मोजत नाही, किलोमीटर मोजतो, त्यामुळे एकाच घराला रेल्वे, एसटी आणि कॅब हे तिन्ही तीन वेगळ्या हिशोबात पडतात आणि "पर हेड" असा एकच आकडा काढून काही उपयोग नाही.

हॉटेलचे २,२०० म्हणजे फक्त खोलीचे. त्यावर टॅक्स ५ टक्के (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ह्या रेटच्या खोलीला १२ टक्के होता), आणि चौथ्या माणसाची गादी ४०० वेगळी, तिच्यावरही टॅक्स. रात्रीचे खरे २,७३० झाले. तीन रात्रींचे ८,१९०. अ‍ॅपवर जो मोठा आकडा दिसतो त्याने गुणाकार केला असता तर १,५९० रुपयांनी फसलो असतो, आणि चौघांच्या ट्रिपमध्ये १,५९० म्हणजे जवळपास एका दिवसाचं खाणं.

अजिंठ्याच्या कॅबचं पण समजून घ्यावं लागतं. जाऊन-येऊन साधारण २१० किलोमीटर, रेट १३ रुपये, पण बाहेरगावच्या गाडीला दिवसाला कमीत कमी २५० किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. म्हणजे ३,२५०, ड्रायव्हरचा भत्ता ३००, पार्किंग वगैरे १००, एकूण ३,६५०. वेरूळला दुसरी गाडी आठ तासांच्या पॅकेजवर २,०००. शिर्डीची खोली गादी आणि टॅक्स धरून २,२०५. मावशीसाठी अजिंठ्याला डोली, अंदाजे १,५००. खाणंपिणं, रिक्षा, लेण्यांची तिकिटं (मोठ्यांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना फ्री) हे सगळं घालून बेरीज आली ३१,४८५. मर्यादेच्या वर, आणि हातात राखीव म्हणून एक पैसा नाही.

कुठे कापायचं? दादा म्हणाला अजिंठ्याची कॅब काढून टाकू, एसटीने जाऊ, जळगावच्या गाड्या टी-पॉइंटलाच थांबतात. बरोबर आहे, थांबतात, आणि लेण्यांच्या बाजूने बघितलं तर कॅबवाल्याला आणि एसटीवाल्याला एकाच ठिकाणी उतरावं लागतं. पावणेतीन हजार वाचत होते. पण जाताना बस स्टँडवरून सुटते म्हणून जागा मिळते, येताना तीच बस जळगावहून भरून येते आणि चार तास लेणी चढून-उतरून झाल्यावर ६६ वर्षांच्या बाईला अडीच-तीन तास उभं राहायची वेळ आली तर गुरुवारचं वेरूळ गेलंच समजा. म्हणून अजिंठ्याची कॅब ठेवली आणि वेरूळची काढली. तिथे अंतर फक्त ३० किलोमीटर, गाड्या भरपूर, उभं राहावं लागलं तरी तास. एसटी, स्टँडपर्यंत रिक्षा आणि लांबच्या जैन लेण्यांसाठी तिथली बस मिळून ५८०. दौलताबादचा किल्ला आपोआप सुटला, पण तो चढणं मावशीच्याने तसंही झालं नसतं. दोन्ही मिळून १,५९५ वाचले. परतीची चेअर कार काढून साधं सेकंड सीटिंग घेतलं, नाशिक रोड ते ठाणे अडीच-पावणेतीन तासांचाच प्रवास, तिथे ८६० वाचले. आणि डोलीचे १,५०० रोजच्या खर्चातून काढून राखीवमध्ये टाकले, कारण ती लागेलच असं नाही. आता ठरलेला खर्च २७,५३० आणि राखीव २,४७०.

दिवसवार असं बसलं:

मंगळवार ६,७३५, शिल्लक २३,२६५
बुधवार ८,५००, शिल्लक १४,७६५
गुरुवार ५,२३०, शिल्लक ९,५३५
शुक्रवार ४,२८०, शिल्लक ५,२५५
शनिवार २,७८५, शिल्लक २,४७०

हा तक्ता कागदावर छान दिसतो पण ट्रिप चालू झाल्यावर त्याचा उपयोग कमी, कारण पैसे त्या क्रमाने जातच नाहीत. रेल्वेची दोन्ही तिकिटं (२,१६० आणि ४६०) आणि संभाजीनगरचं हॉटेल निघायच्या आधीच भरलेलं, म्हणजे घर सोडतानाच १०,८१० गेलेले. उलट शिर्डीची खोली जागेवर पैसे देऊन घ्यायची आणि कॅबचे पैसे बुधवारी संध्याकाळी. नुसतं "३०,००० वजा झालेला खर्च" असं लिहिलं तर मंगळवारी सकाळी १९,१९० शिल्लक दिसतात आणि पाच दिवसांना ते खूप वाटतात. पण त्यातले ५,८५५ आधीच कॅबवाल्याचे आणि शिर्डीच्या लॉजवाल्याचे आहेत, फक्त अजून आपल्या खात्यात पडून आहेत, आणि २,४७० राखीव. हाताशी खरे मोकळे १०,८६५. शीटमध्ये मी दोन्ही ठेवले, C कॉलममध्ये दिलेले पैसे, D मध्ये कबूल केलेले पण अजून न दिलेले, F1 मध्ये राखीव:

```
=30000-SUM(C2:C60)
=30000-SUM(C2:C60)-SUM(D2:D60)-F1
```

वरची ओळ बँकेशी जुळवायला, खालची खर्च करायला. कबूल केलेले पैसे दिले की D मधून खोडून C मध्ये लिहायचे, मग खालचा आकडा हलत नाही. पैसे देऊनही मोकळी शिल्लक कमी झाली तर समजायचं की D मधून काढायचं राहिलंय किंवा ठरल्यापेक्षा जास्त दिले. ही चूक पकडायची सगळ्यात सोपी खूण.

मोकळ्या पैशातही मी सरसकट पाचाने भागलं नाही. मंगळवारी घरचा डबा, म्हणून १,८४५. गुरुवारी कॅब नसल्याने एसटी आणि रिक्षा मोकळ्या पैशातूनच जाणार म्हणून २,५००. शिर्डीला संस्थानच्या प्रसादालयात जेवण होणार म्हणून शुक्रवारी कमी, २,०७५. रोज रात्री बघायचं ते "आज किती उरले" हे नाही, उरलेल्या दिवसांना जेवढे लागणार आहेत तेवढे मोकळे आहेत का.

मंगळवारी गाडी पाऊण तास लेट झाली. डबा इगतपुरीच्या पुढे संपला, पोरीला भूक लागली, हॉटेलवर पोचून परत जेवण, मग बीबी का मकबरा बघायला उशीर नको म्हणून बसऐवजी रिक्षा थांबवून ठेवली. २,४६० गेले, ठरल्यापेक्षा ६१५ जास्त. लेट झालेल्या गाडीचं भाडं तेवढंच असतं, पण तिच्या मागे जेवण आणि रिक्षा वाढतात, म्हणून वेळ आणि पैसे एकाच शीटमध्ये हवेत असं मी म्हणतो.

बुधवारी डोली घेतली. दादाने चढायच्या आधी जाऊन-येऊन आणि मध्ये थांबण्यासकट १,४०० ठरवून घेतले, ते राखीवमधून गेले, राखीव उरलं १,०७०. मावशीने १, २, १६, १७ ही चित्रांची लेणी बघितली आणि २६ नंबरला, जिथे भिंतीला लागून आडवा झालेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे, तिथे अर्धा तास बसून राहिल्या. शीटमध्ये मी लेण्यांना चार तास धरले होते म्हणून हे जमलं. तीन धरले असते तर डोली ठरवूनही घाईघाईत फिरवलं असतं. गाडी २१४ किलोमीटर झाली, २५० च्या आत, संध्याकाळी सहाला हॉटेलवर, त्यामुळे रात्रीचा जास्तीचा चार्ज नाही आणि ठरलेले ३,६५० च दिले. दिवसाचा मोकळा खर्च १,९३०. मंगळवारचे ६१५ मागे होते ते ४२५ वर आले.

गुरुवारी वेरूळ. सगळा वेळ कैलास लेण्याला, म्हणजे १६ नंबरला दिला, दादा म्हणाला वरच्या कड्यावरून खाली बघितल्यावर पोरगी पहिल्यांदा गप्प झाली, एकच दगड वरून खाली कोरत आणलाय हे तिला तिथे उभं राहून कळलं. मग बसने जैन लेणी. परतीच्या एसटीत मावशीला वीस मिनिटं उभं राहावं लागलं. खर्च २,३१०.

खरी परीक्षा त्या संध्याकाळी झाली. वहिनींना हिमरूची शाल आवडली, १,२०० ची. दादाचा दुकानातूनच फोन, "अरे खात्यात सात हजार चारशे आहेत, दोनच दिवस राहिलेत, घेऊ ना?" बँकेचा आकडा बरोबर होता, ७,४४०. पण त्यातले २,२०५ शिर्डीच्या खोलीचे, १,०७० राखीव, मोकळे ४,१६५. आणि शुक्रवार-शनिवारला लागणार ४,४००. म्हणजे शाल न घेताच २३५ कमी पडत होते.

मी लगेच नाही म्हटलं नाही, कारण राखीव किती अडकवून ठेवायचं ते रोज बदलतं. निघताना २,४७० कशाकशासाठी होते? डोली, अजिंठ्याच्या गाडीचे वाढीव किलोमीटर, कोणाचं दुखणंखुपणं, आणि शनिवारी नाशिक रोडची गाडी चुकली तर. डोली झाली, कॅब झाली. गाडी चुकली तर चौघांना नाशिकहून ठाण्याला एसटीने यायला अडीच तिकिटांचे साधारण ७०० लागतील, तेवढे तरी हलवायचे नाहीत. मग राखीवमधले ३७० मोकळे झाले, त्यातून २३५ ची तूट भरली की हातात १३५. एवढ्यात शाल बसत नाही. वहिनी म्हणाल्या मग शुक्रवारी रात्री बाहेर जेवायचं नाही, दोन्ही वेळा प्रसादालय, आणि त्याच दुकानात ४०० चा छोटा स्टोल घेतला. त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या खर्चातून आधीच पैसे वळते केले, हे मला फार आवडलं.

शुक्रवारी एसटीने तीन तासांत शिर्डी. ह्या तीन तासांना कॅब केली असती तर एकेरी ड्रॉपला रिकाम्या परतीचेही किलोमीटर लावले असते, तिथे एसटीची अडीच तिकिटं ५०० च्या आत. दर्शन दुपारीच झालं, दोन्ही जेवणं प्रसादालयात, दिवसाचे १,४८० मध्ये भागलं. मोकळे राहिले २,२८५, शनिवारला लागणार २,३२५. स्टोल धरून फक्त चाळीस रुपये मागे.

शनिवारी एक छोटी गोष्ट कामाला आली. शिर्डीहून सिन्नरमार्गे येणारी एसटी नाशिक शहरात शिरताना नाशिक रोडवरूनच जाते. तिथेच उतरायचं, स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान टाकायचं आणि मोकळ्या हाताने सिटीलिंकच्या बसने पंचवटीला जायचं. बॅगांना कुलूप लागतं आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून दादाने ठाण्यातूनच दोन छोटी कुलपं घेतली. सामान घेऊन थेट नाशिकच्या स्टँडला गेले असते तर दिवसभर बॅगा सांभाळत फिरणं नाहीतर तीन-चार तासांसाठी लॉज. रामकुंड, काळाराम मंदिर, मिसळ, आणि सव्वाचारला परत निघायचं. गाडी सव्वासहाच्या सुमाराला, अंतर दहा किलोमीटर, पण शनिवारी संध्याकाळी द्वारकेच्या चौकात किती अडकायला होईल त्याचा भरवसा नाही, म्हणून दोन तास धरले. पाच वाजून दहा मिनिटांनी स्टेशनवर होते.

शनिवारचा मोकळा खर्च २,१९०. शेवटी मोकळे ९५ आणि राखीवमधले १,०७०, मिळून १,१६५ उरले. एकूण खर्च २८,८३५. दादाने उरलेले पैसे मावशीच्या हातात दिले, त्यांनी "पुढच्या वेळी डोलीला" म्हणून ठेवून घेतले. मी शीटमध्ये एक ओळ वाढवून ठेवली आहे, वेरूळहून परत येताना मावशी असतील तर रिक्षासाठी ६०० D कॉलममध्ये आधीपासूनच धरायचे, त्या वीस मिनिटांसाठी.